भंगारात गाडी, बिलात सूट

गाड्यांच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ ठळक अक्षरांत असते: जुनी गाडी स्क्रॅप करा आणि नव्या गाडीवर पन्नास-साठ हजारांपर्यंत फायदा मिळवा. ओळ खोटी नसते, पण त्या एका आकड्यात तीन वेगवेगळ्या रकमा मिळवलेल्या असतात. त्या तीन ठिकाणांहून येतात आणि तिघींचा खरेपणाही सारखा नसतो. त्या सुट्या केल्याशिवाय आपल्याला काय मिळतंय ते कळत नाही.

पहिली रक्कम म्हणजे भंगाराचे पैसे. जुनी गाडी स्क्रॅपिंग केंद्रात दिली की केंद्र तिच्या लोखंडाचे, ॲल्युमिनियमचे, बॅटरीचे पैसे देतं. ही सूट नव्हे. आपल्या मालकीची वस्तू आपण विकली, तिची ती किंमत आहे. नवी गाडी घेतली नाही तरी ही रक्कम मिळणारच. तरीही शोरूमच्या कागदावर ती बऱ्याचदा ‘स्क्रॅपेज लाभ’ या मथळ्याखाली येते आणि एकूण आकडा फुगतो.

दुसरी रक्कम सरकारी करातली सवलत. तिसरी गाडी बनवणाऱ्या कंपनीची सूट. सगळा घोळ या तिसरीत आहे. तिच्याकडे वळण्याआधी ही योजना कशी उभी राहिली ते थोडक्यात पाहू.

केंद्र सरकारने १३ ऑगस्ट २०२१ रोजी वाहन मोडीत काढण्याचं राष्ट्रीय धोरण जाहीर केलं. त्याच वर्षी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रांचे नियम आले. अशा केंद्रात गाडी जमा केली की मालकाला ठेव प्रमाणपत्र मिळतं, म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’. सवलतींची किल्ली हे प्रमाणपत्र आहे. गल्लीतल्या भंगारवाल्याच्या पावतीवर काहीच मिळत नाही. प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं आणि ते दुसऱ्याला विकताही येतं. या शेवटच्या गोष्टीकडे लेखाच्या अखेरीस परत येऊ, कारण ती फार थोड्या मालकांना ठाऊक असते.

धोरण जाहीर झालं तेव्हा सरकारने कंपन्यांना सुचवलं होतं की असं प्रमाणपत्र आणणाऱ्या ग्राहकाला नव्या गाडीवर ५ टक्के सूट द्यावी. ही सूचना होती, सक्ती नव्हती. पुढची तीन वर्षं बहुतेक शोरूममध्ये तिचा मागमूसही नव्हता. ऑगस्ट २०२४ मध्ये वाहन उद्योगाच्या प्रतिनिधींची केंद्रीय परिवहनमंत्री नितीन गडकरी यांच्याबरोबर बैठक झाली आणि प्रमुख कार कंपन्यांनी सूट मान्य केली: एक्स-शोरूम किमतीच्या दीड टक्के किंवा २० हजार रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. गाडी गेल्या सहा महिन्यांत मोडीत काढलेली असावी, अशी अट होती. मोटारींसाठी ही तयारी एका वर्षाची होती. नंतर कंपन्या आपापल्या महिनावार ऑफरमध्ये स्क्रॅपेज बोनस ठेवत किंवा काढत आल्या आहेत.

हे आकडे जरा शांतपणे पाहावेत. आठ लाखांच्या गाडीवर पाच टक्के म्हणजे ४० हजार झाले असते. दीड टक्क्याने ते १२ हजार होतात. किंमत साधारण १३ लाख ३३ हजारांवर गेली की २० हजारांची मर्यादा लागू होते, मग गाडी पंधरा लाखांची असो की पंचवीस लाखांची, सूट तेवढीच. वर्षअखेरीस जुना साठा संपवण्यासाठी शोरूम काहीही न मागता याहून मोठी सूट देतात, हे गाडी घेतलेल्या अनेकांनी अनुभवलं असेल.

त्या मान्यतेतलं एक कलम मात्र सूट किती याहूनही महत्त्वाचं आहे. गाडी मोडीत काढली जाते, अदलाबदलीत दिली जात नाही. म्हणून एक्स्चेंज बोनस आणि स्क्रॅप सूट या दोन्हींपैकी फक्त स्क्रॅप सूट मिळेल, असं त्यात स्पष्ट होतं. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. म्हणजे स्क्रॅपच्या वाटेने गेलं की एक्स्चेंज बोनसही सोडावा लागतो आणि जुन्या गाडीची वापरलेली गाडी म्हणून येणारी किंमतही. जाहिरातीत मिळणारा आकडा छापलेला असतो. सोडावा लागणारा आकडा कुठेच छापलेला नसतो, तो आपल्यालाच काढावा लागतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. पुण्यातलं एक कुटुंब आहे असं धरा. त्यांच्याकडे २०११ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, चालू स्थितीतली. नवी गाडी पेट्रोलची, एक्स-शोरूम किंमत ८ लाख. भंगाराचा भाव, वापरलेल्या गाडीची किंमत आणि बोनस हे आकडे मी उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्या गाडीचे वेगळे असतील. कराचा हिशोब मात्र महाराष्ट्राच्या दराने आहे.

आधी स्क्रॅपची वाट. गाडीचं वजन ८५० किलो आणि केंद्राने किलोला ३० रुपये दिले, तर २५,५०० रुपये होतात. कंपनीची सूट दीड टक्क्याने १२,००० रुपये. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल मोटारीवर एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे या गाडीवर ८८,००० रुपये. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने नोंदणीकृत केंद्रात स्वेच्छेने गाडी मोडीत काढणाऱ्याला या करात १५ टक्के सवलत देण्याचा निर्णय घेतला. ८८ हजारांचे १५ टक्के म्हणजे १३,२०० रुपये. ही सवलत गाडीच्या किमतीवर नसून करावर असते. ‘पंधरा टक्के सूट’ एवढंच ऐकून अनेकजण लाखाच्या आशेने शोरूममध्ये जातात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. याशिवाय नव्या गाडीचं नोंदणी शुल्क माफ होतं. मोटारीसाठी ते ६०० रुपये आहे. सगळं मिळून ५१,३०० रुपये झाले. जाहिरातीतला ‘पन्नास हजारांवर फायदा’ तो हाच.

आता दुसरी वाट. तीच जुनी गाडी डीलरने एक्स्चेंजमध्ये ९० हजारांना घेतली आणि वर १५ हजार एक्स्चेंज बोनस दिला, तर कुटुंबाच्या हाती १,०५,००० रुपये येतात. ओळखीच्या माणसाला गाडी थेट विकली तर कदाचित आणखी थोडे. म्हणजे स्क्रॅपचा ‘फायदा’ घेतला की या कुटुंबाचे प्रत्यक्षात ५३,७०० रुपये जातात. सूट खरी आहे, मिळतेही. पण ती घेण्यासाठी मोजलेली किंमत तिच्याहून मोठी आहे.

याच हिशोबातून एक उपयोगी रेषा निघते. स्क्रॅपमधून ५१,३०० मिळत असतील आणि एक्स्चेंज बोनस १५ हजार असेल, तर जुन्या गाडीला ३६,३०० रुपयांहून कमी भाव येत असेल तेव्हाच स्क्रॅप परवडतं. इंजिन गेलेली, पत्रा कुजलेली, पुनर्नोंदणीसाठी तीस-चाळीस हजारांचं काम निघणारी गाडी या रेषेच्या खाली असते. तिला दारात येणारा खरेदीदार पंधरा-वीस हजार देईल. अशा गाडीच्या मालकासाठी ही योजना खरोखर चांगली आहे आणि त्याने ती जरूर घ्यावी. ज्यांची गाडी अजून रोज धावते, त्यांनी मात्र आधी वापरलेल्या गाड्यांच्या दोन-तीन खरेदीदारांकडून भाव काढावा आणि मगच स्क्रॅपचा विचार करावा.

भंगाराच्या भावाबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. धोरणाच्या वेळी सरकारने म्हटलं होतं की भंगाराची किंमत नव्या गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या चार ते सहा टक्के मिळेल. आपल्या उदाहरणात ती ३२ ते ४८ हजार व्हायला हवी होती. प्रत्यक्षात केंद्र आणि मालक यांच्यात ठरेल ती किंमत. ती वजनावर आणि त्या आठवड्यातल्या पोलादाच्या भावावर चालते. तुम्ही नवी गाडी किती किमतीची घेता याच्याशी जुन्या पत्र्याचा काही संबंध नसतो. म्हणून एकाच केंद्रावर थांबू नये. गाडीची बॅटरी, टायर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आधीच काढलेला असेल तर भाव खाली येतो. धूर स्वच्छ करणारा हा कन्व्हर्टर सायलेन्सरच्या नळीत असतो आणि त्यात प्लॅटिनम गटातले मौल्यवान धातू असतात. काही गॅरेजवाले तो काढून घेतात आणि मालकाला पत्ताही लागत नाही. गाडी केंद्रात नेण्यापूर्वी तो जागेवर आहे ना, ते खाली वाकून पाहून घ्यावं.

करसवलत या तिन्हींमध्ये सर्वांत भरवशाची, कारण ती डीलरच्या मर्जीवर नाही. केंद्राच्या नियमांनी राज्यांना खासगी वाहनांसाठी करात २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनांसाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा दिली आहे. प्रत्येक राज्याचा दर वेगळा. तिलाही अटी आहेत. जुन्या गाडीचं वय, तिचा प्रकार आणि नव्या गाडीचा प्रकार यांवर ती मिळणार की नाही ते ठरतं. दुचाकी मोडून मोटारीच्या करात सवलत मागता येत नाही. आपल्या उदाहरणातून ही रक्कम वगळली तर स्क्रॅपची बेरीज ५१,३०० वरून ३८,१०० वर येते आणि परवडण्याची रेषा २३,१०० पर्यंत खाली सरकते. त्यामुळे गाडी जमा करण्याआधी आरटीओत विचारून खात्री करावी, नंतर नव्हे. एकदा चेसिसचा नंबर कापला गेला की परत फिरता येत नाही.

आता कंपनीची सूट. इथे प्रश्न असा की स्क्रॅपच्या नावाने मिळणारे १२ हजार खरोखर वेगळे मिळतात, की सगळ्यांना मिळणाऱ्या सुटीतून तेवढे कमी करून दाखवले जातात? डीलरकडे प्रत्येक गाडीमागे सूट देण्याची एक मर्यादा असते. त्या मर्यादेत तो रोख सूट, कॉर्पोरेट सूट, बोनस, फुकट ॲक्सेसरीज अशी नावं देत रक्कम वाटतो. समजा गेल्या महिन्यात सगळ्यांना २० हजार रोख सूट होती आणि या महिन्यात ती १० हजार झाली, पण सोबत १२ हजारांचा स्क्रॅप बोनस आला. तुमच्या पदरात अधिकचे पडले फक्त दोन हजार. कागदावर बोनस मात्र बारा हजारांचाच दिसतो.

ही शंका फक्त आपल्याकडची नाही. जर्मनीने २००९ च्या मंदीत किमान नऊ वर्षं जुनी गाडी मोडणाऱ्याला नव्या गाडीसाठी २,५०० युरो दिले. योजनेला इतकी गर्दी झाली की दीड अब्ज युरोंची तरतूद वाढवून पाच अब्ज करावी लागली. अशोक कौल, ग्रेगोर फायफर आणि स्टेफान विटे या अर्थतज्ज्ञांनी नंतर प्रत्यक्ष विक्रीच्या नोंदी तपासल्या. सरासरी पाहता अनुदान घेणाऱ्यांचा फायदा झालेला दिसला, पण किमतीनुसार गट पाडले तेव्हा वेगळं चित्र निघालं. स्वस्त गाड्यांच्या बाबतीत, अनुदान मिळालेल्या ग्राहकांना दुकानदाराने इतरांपेक्षा कमी सूट दिली होती. म्हणजे सरकारच्या पैशाचा काही भाग विक्रेत्याकडेच राहिला. महागड्या गाड्यांत उलट झालं, तिथे ग्राहकाला अनुदानाच्या वर आणखी सूट मिळाली. लहान गाडी घेणाऱ्या माणसाला अनुदानाची सर्वांत जास्त गरज होती, आणि त्याच्याच अनुदानातून विक्रेत्याने आपला वाटा काढला. मला ही गोष्ट अस्वस्थ करते. आपल्याकडेही स्क्रॅपला जाण्याइतकी जुनी गाडी असलेला ग्राहक बहुधा लहान गाडीच घेत असतो.

पण जर्मनीत आणि आपल्याकडे एक फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा नाही. तिथे पैसे सरकार देत होतं, त्यामुळे किती दिले याचा तरी सरकारी हिशोब होता. आपल्याकडची सूट कंपनी स्वतःच्या खिशातून देते, आणि ती आधीच्या सुटीत मिसळली का, हे तपासणारं कोणी नाही. ते ग्राहकालाच तपासावं लागतं.

त्याची रीत सोपी आहे, फक्त क्रम उलटा ठेवायचा. शोरूममध्ये गेल्यावर जुन्या गाडीचा विषय आधी काढायचा नाही. ‘माझ्याकडे अदलाबदलीला काही नाही, ही गाडी मला शेवटी केवढ्याला द्याल ते लिहून द्या’ एवढंच म्हणायचं. एक्स-शोरूम, विमा, कर, हाताळणी खर्च, ॲक्सेसरीज सगळं वेगवेगळं लिहिलेलं कोटेशन घ्यायचं. दुसऱ्या डीलरकडूनही तसंच घ्यायचं. त्यानंतरच म्हणायचं की माझ्याकडे स्क्रॅपचं प्रमाणपत्र आहे, आता नवा कागद द्या. दोन कागदांतल्या शेवटच्या आकड्यांची वजाबाकी म्हणजे तुमची खरी सूट. रोख सूट कमी झाली असेल तर ती इथेच दिसते. विम्याचा हप्ता अचानक वाढला असेल तर तोही दिसतो. विमा डीलरकडूनच घ्यायला हवा असं कायद्यात कुठेही नाही. बाहेरून कोटेशन काढलं तर चार आकडी फरक सहज सापडतो आणि कधीकधी सगळा स्क्रॅप बोनस तिथेच गेलेला असतो.

जुन्या गाडीच्या विम्याचीही एक गोष्ट इथेच सांगतो. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी स्क्रॅप केली तरी विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की तो नव्या गाडीच्या विम्यावर लावता येतो. सलग पाच वर्षं दावा केला नसेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता असतो, त्यात ५० टक्के सवलत मिळते. नव्या गाडीचा हा हप्ता मोठा असतो, त्यामुळे पुष्कळदा ही रक्कम कंपनीच्या स्क्रॅप सुटीच्या बरोबरीची निघते. डीलर हे स्वतःहून सांगेलच असं नाही.

प्रत्यक्ष गाडी देताना चूक होते ती बहुधा एकाच जागी. सेल्समन म्हणतो, ‘साहेब, गाडी आमच्याकडे ठेवा, स्क्रॅपचं आम्ही बघतो.’ मालक किल्ली आणि आरसी देऊन मोकळा होतो. गाडी खरोखर नोंदणीकृत केंद्रात गेली तर ठीक. पण ती एखाद्या एजंटाच्या हाती पडली तर कुठेतरी धावत राहते आणि नोंदणीत मालक अजून तुम्हीच असता. अपघात झाला, चलान आलं, गाडी एखाद्या गुन्ह्यात सापडली, तर नोटीस तुमच्या घरी येते. म्हणून गाडी सोडताना तुमच्या नावाचं ठेव प्रमाणपत्र हातात असलं पाहिजे आणि काही दिवसांनी वाहन पोर्टलवर आपला नंबर टाकून नोंदणी रद्द झाली का ते पाहिलं पाहिजे. केंद्र गाडी घेण्याआधी ती चोरीच्या नोंदीत आहे का, तिच्यावर पोलिसांची नोंद आहे का हे तपासतं. बँकेचा बोजा आरसीवर राहिला असेल तरी काम अडतं. कर्ज आठ वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बँकेचं ना-हरकत पत्र आरटीओत दिलेलंच नसतं, असं फार वेळा घडतं. ते पत्र मिळवायला लागणारे आठवडे धरूनच नव्या गाडीच्या डिलिव्हरीची तारीख ठरवावी.

आणखी एक गैरसमज विक्रीसाठी वापरला जातो: पंधरा वर्षं झाली की गाडी स्क्रॅप करावीच लागते. दिल्ली परिसरातल्या न्यायालयीन आदेशांमुळे ही भीती पसरली. महाराष्ट्रात खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर तपासणी करून पुनर्नोंदणी करता येते. शुल्क मात्र खूप वाढलं आहे. मोटारीसाठी ते २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी १०,००० करण्यात आलं. त्यावर पर्यावरण कर आणि तपासणीसाठी लागणारी दुरुस्ती. गाडी ठेवायची की मोडायची हे ठरवताना हा खर्च हिशोबात धरायलाच हवा. पण ‘आता कायद्यानेच जाणार आहे’ असं सांगून कोणी भाव पाडत असेल तर त्याचं ऐकू नये.

आता ठेव प्रमाणपत्र विकण्याबद्दल. या योजनेतली खरी विषमता अशी की सर्वांत जुनी, सर्वांत जास्त धूर सोडणारी गाडी ज्याच्याकडे असते, त्याला नवी गाडी घेणं बहुधा परवडत नाही. तो जुनी मोडून दुसरी वापरलेलीच घेतो. त्याला ना कंपनीची सूट मिळते, ना नव्या गाडीच्या करातली सवलत. पण प्रमाणपत्र त्याच्या नावाचं असतं आणि ते विकता येतं. एमएसटीसी या केंद्र सरकारच्या कंपनीने ‘डिजिईएलव्ही’ नावाचं ऑनलाइन व्यासपीठ त्यासाठीच उभारलं आहे. नवी गाडी घेणारा दुसरा कोणी ते प्रमाणपत्र विकत घेऊन सवलत घेऊ शकतो. एकदा ते वापरलं गेलं की वाहन पोर्टलवर रद्द होतं, दुसऱ्यांदा चालत नाही.

भंगाराचे पैसे हातात आले की पुष्कळ लोक हा कागद फाईलमध्ये टाकून विसरतात. काही जण तो केंद्राच्या काउंटरवरच सोडून येतात किंवा एजंटाला ‘तुमच्याकडेच असू द्या’ म्हणतात, आणि एजंट तो पुढे विकतो. नवी गाडी घ्यायची नसेल तर भंगाराचा भाव ठरवतानाच विचारावं: प्रमाणपत्र मी घेऊन जातो आहे, आणि तुम्हाला हवं असेल तर त्याचे वेगळे किती द्याल?